नवऱ्याचा मूड आणि माझी दाढ: दीड वर्षाचा हिशोब

खालच्या डाव्या बाजूची शेवटून दुसरी दाढ. ऑगस्ट २०२३ मध्ये डेंटिस्ट म्हणाले रूट कॅनल करून घ्या, तीन सिटिंग, साडेचार हजार. मी म्हटलं पुढच्या आठवड्यात फोन करते. तो फोन मी केला मार्च २०२४ मध्ये आणि तोपर्यंत दाढ वाचण्यासारखी उरलीच नव्हती, काढावी लागली. मधल्या सात महिन्यांत काय चाललं होतं ते लिहितेय, कारण मला तेव्हा असं काही वाचायला हवं होतं. नवऱ्याला विचारून लिहितेय, त्याने वाचलंय, दोन वाक्यं काढायला लावली ती काढलीत.

आम्ही डोंबिवलीत राहतो. मी सहकारी बँकेत, तो ऐरोलीला एका कंपनीत अकाउंट्सला, मुलगी तेव्हा आठ वर्षांची. जून २०२३ पासून तो हळूहळू मिटत गेला. आधी रविवारची मित्रांची चहाची चक्कर बंद झाली, मग दाढी, मग आंघोळ दिवसाआड. कारण विचारलं की "काही नाही गं, मूड नाहीये." आणि खरंच कारण काही नव्हतं, तेच मला पटत नव्हतं. मी आपली कारण शोधत बसले, ऑफिसात कुणी बोललं का, पैशाचं काही आहे का, माझं काही चुकलं का.

फॅमिली डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं, बी-१२, डी-३, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळे मिळून एकोणीसशे रुपये. हे करून घ्याच, कारण थायरॉइड कमी असला तरी माणूस असाच होतो. आमचं सगळं नॉर्मल आलं, मग त्यांनी सायकियाट्रिस्टचं नाव दिलं. अपॉइंटमेंट बारा दिवसांनी, पहिली फी पंधराशे, नंतर फॉलो-अप आठशे. (सरकारी हॉस्पिटलात केस पेपरच्या पैशात होतं हे मला नंतर कळलं, पण सकाळची ओपीडी आणि ती लाइन, त्याच्याच्याने तेव्हा झालं नसतं.) डॉक्टर वीस मिनिटं त्याच्याशी बोलले, डिप्रेशन म्हणाले, गोळी लिहिली, आणि सांगितलं की फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, कदाचित जास्तही, पहिले काही दिवस मळमळेल, मनाने बंद करायची नाही.

इथपर्यंत सगळं बरोबर केलं आम्ही. चूक सुरू झाली ती घरी आल्यावर.

गोळ्यांचं पाकीट मी माझ्या पर्समध्ये ठेवलं. रोज रात्री मी गोळी काढून हातावर ठेवणार, पाणी देणार, गिळली का बघणार. सकाळी त्याला उठवणार, तीनदा. त्याच्या मॅनेजरला व्हायरल आहे म्हणून मेसेज मी करणार. सासूबाई संगमेश्वरला असतात, त्यांना "कामात आहे हो फार" असं मी सांगणार. बँकेत असताना त्याचे फोन यायचे, एका दिवशी अकरा, आणि प्रत्येक वेळी मी क्लिअरिंगचं काम तसंच ठेवून जिन्यात जाऊन बोलायचे. फोनवर तो काही विशेष म्हणायचाही नाही, "काय करतेस, कधी येतेस," एवढंच. उचलला नाही तर काही होईल का ही भीती मला. माझा बुधवारचा गाण्याचा क्लास होता, सहा वर्षं चाललेला, तो मी "एक महिना येत नाही" म्हणून बंद केला. कुणी मला हे करायला सांगितलं नव्हतं, त्यानेही नाही, एकेक काम हातात येत गेलं आणि मी ते खाली ठेवलंच नाही.

ऑक्टोबरमध्ये तो बरा झाला. म्हणजे मला तसं वाटलं. पहाटे चारला उठून ओटा घासायचा, गप्पा, जोक, मुलीला घेऊन सायकलवर, झोप चार तास आणि तरी फ्रेश. दिवाळीच्या तोंडावर अडतीस हजारांचं कॉफी मशीन आलं, आम्ही दोघंही चहावाले. मग ट्रेकिंगचे बूट, तीन जोड. मध्येच क्षुल्लक गोष्टीवरून वॉचमनवर इतका ओरडला की सोसायटीचे लोक खाली जमले. आणि मी खूश होते! इतके महिने पडून असलेला माणूस उठला तर तुम्ही बूट मोजत नाही. फॉलो-अपला तो एकटाच गेला, "एकदम मस्त" म्हणून सांगून आला, डॉक्टरांनी तीच गोळी चालू ठेवली.

डिसेंबरच्या शेवटी तो पुन्हा आपटला, आणि आधीपेक्षा खोल. जानेवारीत एका रात्री म्हणाला की सकाळ झालीच नाही तर बरं. त्या रात्री मी झोपले नाही आणि कुणालाही फोन केला नाही, कारण अकराचे साडेअकरा वाजलेले, कुणाला कशाला उठवायचं. आज हे लिहिताना माझाच राग येतो. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर तेव्हाही चालू होता, केंद्र सरकारचा, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात, आणि घरच्या माणसानेही फोन केला तर चालतो. असं काही कानावर आलं की त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, सरळ विचारायचं की जीव द्यायचा विचार येतोय का (विचारल्याने विचार डोक्यात जात नाही, हे मला डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं), आणि त्याच रात्री आणखी एका माणसाला घरी बोलवायचं. माझा दीर कल्याणला राहतो, वीस मिनिटांवर.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी मलाही आत बोलावलं. त्याची परवानगी घेऊन. त्यांनी मागच्या वर्षाचं सगळं महिन्यावार विचारलं आणि मी कॉफी मशीनचं सांगितलं तशी त्यांनी पेन खाली ठेवलं. झोप किती होती? किती दिवस? खर्च? चिडचिड? बोलणं जोरात, भरभर? चार दिवस किंवा जास्त असं सलग टिकलं तर ते बरं होणं नसतं, त्याला हायपोमेनिया म्हणतात, आणि डिप्रेशनच्या एकट्या गोळीने तो वर येऊ शकतो. त्याचं निदान बदललं, बायपोलर टाइप टू, म्हणजे कधी डिप्रेशन तर कधी हा हायपोमेनिया. जुनी गोळी हळूहळू कमी केली, लिथियम सुरू केलं. त्याआधी क्रिएटिनिन, थायरॉइड, कॅल्शियम आणि ईसीजी.

म्हणजे बघा, मी रात्रंदिवस त्याच्यावर लक्ष ठेवून होते आणि जे सांगायला हवं होतं नेमकं तेच सांगितलं नाही. तुमच्या घरात कुणाला डिप्रेशनची गोळी चालू असेल आणि माणूस अचानक कमी झोपेत जास्त ताजातवाना दिसायला लागला तर आनंद नंतर करा, आधी डॉक्टरांना कळवा.

त्याच क्लिनिकमध्ये आठवड्यातून दोन दिवस एक सायकियाट्रिक सोशल वर्कर बसायच्या, सहाशे रुपये पाऊण तास. मार्चमध्ये आम्ही दोघं गेलो. दाढ काढल्याला तीन दिवस झाले होते, गाल सुजलेला. त्यांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या रूट कॅनल कधी सांगितलं होतं? ऑगस्टमध्ये. त्यांनी एवढंच म्हटलं, "आणि याची औषधं किती वेळा चुकली?" एकदाही नाही. नवरा तेव्हा माझ्या गालाकडे बघत होता, मला वाटतं सात महिन्यांत पहिल्यांदाच.

मग त्यांनी एक साधं काम दिलं. घरी जाऊन त्याच्या आजाराशी संबंधित जी जी कामं होतात ती सगळी लिहायची, लहानातली लहान, आणि पुढे तीन रकाने, त्याचं, माझं, तिसऱ्या कुणाचं. मुलीच्या वहीचं पान घेतलं. तेवीस कामं निघाली, बावीस माझ्या रकान्यात. एक त्याच्या, गोळी गिळणं.

पुढच्या वेळी तो कागद घेऊन बसलो आणि एकेक काम हलवलं. एका दिवसात नाही हं, जवळपास दोन महिने लागले. सगळं लिहीत नाही, चारपाच गोष्टी सांगते.

गोळ्या. केमिस्टकडे सात खणांची प्लास्टिकची डबी मिळते, ऐंशी रुपयांची. रविवारी रात्री तो स्वतः ती भरतो. मी फक्त पुढच्या रविवारी रिकामी आहे का बघते. मधल्या दिवशी विचारायचं नाही हे माझ्यासाठी भयंकर अवघड होतं, पहिल्या आठवड्यात मी तो झोपल्यावर टॉर्च लावून डबी बघायचे. दोनदा राहिली त्याची गोळी. त्याने स्वतः डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी काय करायचं ते सांगितलं. जोडीला एवढं केलं की डॉक्टरांना विचारून घरात एका वेळी पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा ठेवायचा नाही.

फोन. दुपारी दीडला एक फोन, दहा मिनिटं, नक्की. बाकी वेळी त्रास व्हायला लागला तर आधी दिराला, तो नाही उचलला तर त्याच्या कॉलेजातल्या मित्राला, मग मला. दिराला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, मला तर तुम्ही काही सांगतच नव्हता, मला वाटलं दादाला मी नकोय." आठ महिने तो वीस मिनिटांवर बसून होता.

ऑफिस. मॅनेजरला मेसेज करणं मी बंद केलं. त्याने डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन एचआरला स्वतः सांगितलं, किती सांगायचं ते त्याने ठरवलं, पाच आठवड्यांची रजा मिळाली, त्यातली तीन पगारी. मी खोटं बोलत राहिले असते तर ती मिळालीच नसती. इन्शुरन्सचं म्हणाल तर २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यानुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यावं लागतं, पण आमच्या पॉलिसीत ओपीडीच नाही, त्यामुळे फी, गोळ्या, टेस्ट सगळं खिशातून. लिथियमच्या गोळ्या स्वस्त असतात, जातो तो पैसा रक्ततपासणीत.

सासूबाई. हे मी सर्वात जास्त टाळलं होतं. शेवटी त्यानेच फोनवर सांगितलं. त्या आधी म्हणाल्या कुणाची तरी दृष्ट लागली, मग दोन दिवसांनी एसटी पकडून आल्याच, बरोबर गोणपाटाच्या पिशवीत कडवे वाल. मला वाटलं आता हिला पण सांभाळा. तर त्यांनी वाल भिजवले, मोड काढले, आणि तिसऱ्या दिवशी कोमट पाण्यातलं ते पातेलं हॉलमध्ये त्याच्यापुढे आणून ठेवलं. "सोल." बस. तो बसला सोलत. मोड आलेला वाल दोन बोटांत धरून दाबला की साल सुटून दाणा पुढे उडतो, तो वाटीत पडला पाहिजे, मोड तुटला नाही पाहिजे. पाऊण तास तो सोलत होता, आई शेजारी टीव्ही बघत, दोघं एक शब्द बोलले नाहीत. मी महिनोन्‌महिने त्याला "काय वाटतंय, बोल ना, मोकळा हो" करत होते. मी आईंना विचारलं हे मुद्दाम केलंत का, तर म्हणाल्या, "मुद्दाम कशाला, बिरडं करायचंय ना? आणि हात रिकामेच होते त्याचे." सोशल वर्कर बाई हे ऐकून हसल्या, म्हणाल्या आम्ही यालाच मोठं नाव देतो, इच्छा होण्याची वाट न बघता छोटं काम आधी सुरू करायचं.

त्यावरून मी माझं बोलणं बदललं. "आंघोळ केलीस का" हे मी दिवसातून चार वेळा विचारायचे, त्याचं उत्तर दोघांनाही माहीत असायचं. त्याऐवजी एकदाच, "मी साडेसहाला खाली चक्कर मारायला चाललेय, यायचं तर ये." आणि सहा पस्तीसला मी निघायचं, तो येवो न येवो. हे दुसरं जास्त महत्त्वाचं होतं आणि ते मला जमेना. पहिल्या दिवशी गेटपर्यंत जाऊन दहा मिनिटांत धापा टाकत वर आले. तो होता तसाच पडलेला, उजव्या कुशीवर, मोबाइल छातीवर. मी नसताना काही झालं नव्हतं. पाचव्या की सहाव्या दिवशी तो चपला घालून मागून आला.

चिडचिडीबद्दलही स्पष्ट बोललो, तो बरा असताना. आजार आहे म्हणून मी ओरडून घेणार नाही. आवाज चढला की मी "वीस मिनिटांनी येते" म्हणून मुलीला घेऊन शेजारच्या काकूंकडे, आणि वीस मिनिटांनी खरंच परत यायचं, नाहीतर ती शिक्षा होते. मुलीला सांगितलं की बाबाला आजार आहे, डोक्यातल्या मूडचा, औषध चालू आहे, तुझ्यामुळे नाही. तिने विचारलं, "मग तुला पण झालाय का?" कारण मीही हसत नव्हते बहुतेक. माझ्यासाठी मी वेगळ्या काउन्सेलरकडे सहा वेळा गेले, त्याच्या नाही. आणि केअरगिव्हर लोकांच्या एका ग्रुपला, महिन्यातून एकदा. ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ म्हणजे आयपीएच, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन अशा संस्था आहेत, तुमच्या जवळ काय आहे ते तिथे विचारता येईल. बुधवारचा क्लास जूनमध्ये परत सुरू केला. आवाज बसलेला, सा सुद्धा धड लागेना, बाई म्हणाल्या खर्जापासून करू.

एक कागदी काम जरूर करा. त्याच २०१७ च्या कायद्यात नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह नेमता येतो, पेशंटने साध्या कागदावर लिहून सही करायची, स्टॅम्प पेपर नाही, वकील नाही. माणूस फार आजारी असेल तेव्हा उपचाराच्या निर्णयात मदत करायला हा माणूस. आम्ही मुद्दाम दिराचं नाव घातलं, माझं नाही. लोकांना विचित्र वाटलं. त्याच्या फाइलला एक कॉपी, दिराकडे एक. आणि एका पानावर त्याच्याच अक्षरात त्याच्या धोक्याच्या खुणा, सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप, ऑनलाइन खरेदी, भरभर बोलणं. खाली त्याने लिहिलंय, "असं दिसलं तर बायको किंवा भाऊ मला न विचारता डॉक्टरांना फोन करू शकतात." बँकेच्या ॲपमध्ये त्याने स्वतः कार्डाचं लिमिट कमी केलं.

आता नोव्हेंबर २०२४ चं. मामेबहिणीचं लग्न नाशिकला, मी मुलीला घेऊन तीन दिवस जाणार, दोन वर्षांत पहिल्यांदा. दीर आमच्याकडे राहायला आला. दुसऱ्या दिवशी हळद चालू असताना त्याचा फोन, "वहिनी, घाबरू नका, दादाचा हात थरथरतोय, चहा बशीत सांडतोय, आणि सकाळपासून जुलाब आहेत, मी डॉक्टरांना फोन केलाय, त्यांनी गोळी थांबवून लगेच लेव्हल करायला सांगितलीये, आम्ही लॅबमध्येच आहोत." लिथियमची लेव्हल एरवी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी बघतात, म्हणजे रात्री नऊची गोळी तर सकाळी नऊला रक्त, सकाळची गोळी त्याआधी घ्यायची नाही. याची नेहमी ०.७ च्या आसपास असायची. त्या दिवशी १.२८.

कारण काय निघालं माहितीये? माझी दाढ. काढली तेव्हा मला आयबुप्रोफेनची स्ट्रिप दिली होती, उरलेली डब्यात पडून. याची कंबर धरली म्हणून तो चार दिवस त्यातल्या घेत होता, दिवसाला तीन. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा पेनकिलरने लिथियम शरीरात साठतं, पॅरासिटामॉल चालते. हे आम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं, फाइलवर लिहिलेलंही होतं, पण कंबर दुखताना फाइल कोण उघडतं. जुलाब, उलट्या, ताप, कडक उन्हात पाणी कमी पडणं, यानेही लेव्हल चढते. हात जास्त थरथरायला लागले, चालताना तोल जायला लागला, बोलणं जड झालं तर थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

मी विचारलं निघू का. दीर म्हणाला निघून काय करणार, तुम्ही पोचेपर्यंत दुसरं रक्त पण होईल. मी नाही निघाले. जेवले, पण काय जेवले आठवत नाही. चौथ्या दिवशी परत केली तेव्हा ०.७४. त्याने स्वतःच औषधांच्या डब्याच्या झाकणावर मार्करने दोन नावं लिहून मोठी फुली मारली.

जानेवारीच्या सुरुवातीला आठ दिवस त्याचे पुन्हा वाईट गेले, आंघोळ नाही, फोन दीडच्या आधीच. तीन आठवडे झाले, आता ठीक आहे. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी माझी इम्प्लांटची अपॉइंटमेंट आहे, बत्तीस हजारांचं एस्टिमेट, आणि त्याच वेळी त्याचा फॉलो-अप पण पडलाय. मी तारीख बदलायला फोन उचलला होता, तो म्हणाला, राहू दे, मी भाऊबरोबर जातो.